ग्रुप फोटोत एकीचेच डोळे मिटलेत. शेजारच्या फ्रेममधला चेहरा कसा बसवायचा?

मृण्मयी_सांगली

आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाला घरच्या सगळ्यांचा एकत्र फोटो काढला. १९ माणसं, तीन रांगा, वाड्याच्या पायऱ्या. वेळ संध्याकाळची, अंगण पूर्ण सावलीत, कॅमेऱ्यावर फ्लॅश लावलेला. ट्रायपॉड नव्हता. भावाने हातातच धरून लागोपाठ पाच फ्रेम घेतल्या, DSC_0412 ते DSC_0416. सगळ्या रॉ आहेत, ६००० × ४००० पिक्सेल.

०४१४ सगळ्यांत छान आलीय. आजी मनापासून हसतेय आणि लहान पोरं चक्क समोर बघतायत. फक्त मधल्या रांगेतल्या आत्याचे डोळे पूर्ण मिटलेत. ०४१३ आणि ०४१५ मध्ये तिचे डोळे उघडे आहेत. ०४१५ मध्ये ती थेट कॅमेऱ्यात बघतेय, पण ती अख्खी फ्रेम जरा काळपट आहे. ०४१३ मध्ये मान थोडी कललेली आहे. तिच्या नाकात नथ, केसांत गजरा आणि खालच्या पायरीवर उभ्या असलेल्या भाच्याचा खांदा तिच्या हनुवटीला जवळजवळ टेकलेला.

फोटोशॉप आहे, लेयर आणि मास्क वापरता येतात. १२ × १८ इंचांची प्रिंट काढून फ्रेम करायचीय. कुठल्या फ्रेममधून घेऊ? आणि नुसते डोळे घेऊ की चेहरा?

पिंपळपान

अख्खा चेहरा कशाला? लॅसोने दोन्ही डोळे उचला, फेदर ५ ठेवा, ०४१४ वर नेऊन चिकटवा. दहा मिनिटांचं काम. ०४१५ च घ्या, सरळ बघतायत त्या. काळपटपणा ब्राइटनेस वाढवला की जातो.

तिसरी_घंटा

यावर चक्क इग नोबेल मिळालंय, २००६ साली, गणितात! ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ संस्थेच्या नीक स्वेन्सन आणि पीअर्स बार्न्स यांना. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर उजेड चांगला असताना माणसांच्या संख्येला ३ ने भागा आणि कमी असताना २ ने, तेवढे फोटो काढले की निदान एकात तरी सगळ्यांचे डोळे उघडे मिळण्याची जवळपास खात्री. तुमच्या १९ जणांना संध्याकाळी नऊ-दहा फोटो लागले असते. भावाने पाचात आवरलं!

उजेडमापक

पिंपळपान, नुसत्या डोळ्यांची युक्ती पासपोर्ट फोटोएवढ्या मोठ्या चेहऱ्यावर कधीकधी चालून जाते. इथे आधी आकार बघा. तीन रांगांचा ग्रुप म्हणजे फ्रेमची रुंदी साधारण पाच मीटर. ६००० पिक्सेलला पाच मीटर, म्हणजे मिलिमीटरला १.२ पिक्सेल. आत्याबाईंचा चेहरा साधारण १९० पिक्सेल रुंद, एक डोळा ३६ पिक्सेल आणि बुबुळ जेमतेम १४ पिक्सेल. पाच पिक्सेलचं फेदर कडेच्या दोन्ही बाजूंना पसरतं. पापणीच्या लगत कापलं तर डोळ्याचा चांगलाच भाग पुसट होईल आणि पापणीची काळी रेघ राखाडी दिसेल.

दुसरं, डोळा एकटा मिटत नाही. मिटताना भुवई खाली येते, डोळ्याच्या कडेला सुरकुती पडते, गालाचा वरचा भाग हलतो. हसताना खालची पापणी वर येते ती वेगळीच. मिटलेल्या डोळ्यांच्या चेहऱ्यावर नुसते उघडे डोळे ठेवले की माणूस दचकल्यासारखा दिसतो. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी बिनसलंय हे लगेच कळतं. म्हणून भुवयांपासून हनुवटीपर्यंतचा चेहरा एकत्र उचलायचा.

आता कुठली फ्रेम. ०४१५ काळपट का आली असेल? लागोपाठ फोटो काढताना फ्लॅश पूर्ण चार्ज व्हायच्या आत पुढचं बटण दाबलं गेलं असणार. फ्लॅश अर्धवट पडतो तेव्हा चेहरा नुसता गडद होत नाही. समोरून येणारा उजेड घटतो, वरून येणारा आकाशाचा उजेड तेवढाच राहतो. मग डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात, कातडी निळसर झुकते आणि बुबुळातला फ्लॅशचा पांढरा ठिपका मंद होतो. ब्राइटनेस वाढवला तर सगळंच उजळेल, कपाळसुद्धा. खोबणी कपाळाच्या मानाने काळ्या त्या काळ्याच राहतील. उजेडाची दिशा बदललेली असेल तर स्लायडर उपयोगाचा नाही.

म्हणून माझं मत ०४१३. पण आधी एक मापून बघा. मान *कलणं* आणि मान *वळणं* यांत फार फरक आहे. कललेला चेहरा फिरवून सरळ करता येतो. वळलेल्या चेहऱ्यात नाकाची एक बाजू झाकली जाते आणि दुसरी उघडी पडते, ते फिरवून दुरुस्त होत नाही. तिन्ही फ्रेममध्ये रूलर टूलने नाकाच्या मधल्या रेषेपासून डाव्या आणि उजव्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापर्यंतची अंतरं घ्या. डोळा मिटलेला असला तरी कोपरा दिसतोच. आकडे इथे टाका.

मृण्मयी_सांगली

मापले. फोटोत डावीकडचं अंतर आधी लिहिलंय.

०४१४: ५५ आणि ४९
०४१३: ५६ आणि ४८
०४१५: ६१ आणि ४१

०४१३ मधला कल रूलरने ४.२ अंश दाखवतोय.

उजेडमापक

मग प्रश्नच मिटला. ०४१५ मध्ये त्या डोळ्यांनी कॅमेऱ्याकडे बघतायत, पण डोकं वळलेलं आहे. ते ०४१४ च्या धडावर ठेवलं तर मानेशी जुळणार नाही. ०४१३ मध्ये एक-एक पिक्सेलचा फरक आहे, तो सोडून द्या. चार अंशांचा कल काही विशेष नाही. आठ-दहा अंशांच्या पुढे गेलं की मानेच्या शिरा आणि खांद्याची चढण खोटी वाटायला लागते.

बॅटरी_डाऊन

माझ्याकडे फोटोशॉप नाही, लिनक्सवर गिंप वापरतो. यात फ्रेम आपोआप जुळवायची सोय सापडली नाही. प्रत्येक वेळी हातानेच सरकवायचं का?

उजेडमापक

गिंपमध्ये ती सोय मुळातच नाही. हगिन हे पॅनोरामा जोडायचं सॉफ्टवेअर बसवलं की त्याबरोबर एक कमांड येते. दोन्ही रॉ फाइल एकाच सेटिंगने टिफमध्ये काढायच्या आणि टर्मिनलमध्ये:

```
align_image_stack -m -C -a julav_ DSC_0414.tif DSC_0413.tif
```

पहिली दिलेली फाइल आधार धरली जाते, म्हणून ०४१४ आधी. `-m` मुळे दोन फ्रेममधला लहान-मोठेपणा जुळवला जातो, `-C` दोन्हींत नसलेल्या कडा कापतो. julav_0000.tif आणि julav_0001.tif अशा दोन फाइल मिळतील, त्या गिंपमध्ये `File > Open as Layers` ने उघडा. पुढचं मास्कचं काम दोन्हीकडे सारखंच.

मृण्मयी, आता तुमच्यासाठी सविस्तर. फोटोशॉपपर्यंत पोचायच्या आधी रॉमध्ये एक गोष्ट करा. व्हाइट बॅलन्स ऑटोवर असेल तर कॅमेऱ्याने प्रत्येक फ्रेमला वेगळा आकडा लावलेला असणार. ०४१४ ला जो केल्विन आणि टिंट बरा दिसतो तो आकडा हाताने घाला आणि तोच ०४१३ ला. एक्स्पोजर, हायलाइट, शॅडो, लेन्सची दुरुस्ती, शार्पनिंग, नॉइज रिडक्शन सगळं दोन्हींना एकसारखं. एकीला ऑटो आणि दुसरीला हाताने असं केलं की पुढे तासभर रंगांशी झुंजत बसावं लागतं.

मग `File > Scripts > Load Files into Stack` ने दोन्ही एका फाइलमध्ये आणा. ०४१४ खाली ठेवून तिला कुलूप लावा. कुलूप असलेला लेयर आधार धरला जातो आणि जागचा हलत नाही. दोन्ही लेयर निवडून `Edit > Auto-Align Layers`. आधी Auto करून बघा. वरचा लेयर कडेला ताणलेला दिसला तर परत जाऊन Reposition निवडा.

इथे बहुतेक जण अडकतात. जुळवून झाल्यावर वरच्या लेयरचा मोड Difference केला की जिथे तंतोतंत जुळलं तिथे काळं दिसतं. वाड्याची भिंत आणि पायऱ्या काळ्याठिक्कर दिसतील, पण माणसांभोवती उजळ रेघा राहतीलच. सॉफ्टवेअर चुकलं असं समजू नका. त्याला भिंतीचे दगड-विटा ओळखायला सोप्या जातात म्हणून ते त्यांना धरून जुळवतं. माणसं दोन फ्रेमच्या मध्ये डोलतात. शिवाय कॅमेरा हातात असल्यामुळे तोही बोटभर सरकलेला असतो आणि तेव्हा पुढची रांग भिंतीपेक्षा जास्त सरकते. आपोआप जुळवणी फक्त कॅमेऱ्याची हालचाल काढून टाकते, एवढंच तिच्याकडून घ्यायचं. आत्याबाईंचा चेहरा त्यानंतर हातानेच बसवायचा.

जुळवणी झाल्यावर वरचा लेयर स्मार्ट ऑब्जेक्ट करा. आधी करू नका, कारण स्मार्ट ऑब्जेक्टवर ती जुळवणी चालत नाही. आणि करायचा तो एवढ्यासाठी की फिरवणं, लहान-मोठं करणं, सरकवणं कितीही वेळा केलं तरी मूळ पिक्सेलवरून एकदाच हिशेब होतो. साध्या लेयरवर दर वेळी चेहरा थोडा थोडा मऊ होत जातो.

पिंपळपान

मास्कची एवढी कटकट नको असेल तर फोटोशॉप एलिमेंट्समध्ये Photomerge Group Shot नावाचा प्रकार आहे. पेन्सिलने चेहऱ्यावर रेघ मारली की तो तिकडून इकडे येतो.

उजेडमापक

आहे, आणि ट्रायपॉडवरच्या फ्रेम असतील, मधे कुणी हललं नसेल तर झटपट होतं. पण चेहऱ्यासोबत आजूबाजूचं किती उचलायचं हे तोच ठरवतो. इथे मान कललेली, खांदा टेकलेला, त्यामुळे भाच्याच्या खांद्याचा तुकडाही सोबत येण्याची शक्यता जास्त.

वर्षा_ठाणे

चष्मा असेल तर काय? आमच्या सोसायटीच्या फोटोत सेक्रेटरींचा चष्मा आहे, डोळे मिटलेत. चष्म्याच्या आतले डोळे तेवढे बदलले तर काच चमकते त्याच्या मधोमध कड येते.

उजेडमापक

चष्मा असेल तर काचेच्या आत मास्कची कड आणायचीच नाही. चष्मा अख्खा उचला, काड्यांसकट, आणि गालावर पडलेली फ्रेमची सावलीसुद्धा. मायनस नंबर असेल तर काचेतून दिसणारी गालाची कड आत सरकलेली असते. ती फ्रेमच्या बाहेरच्या खऱ्या कडेशी मुळातच जुळत नाही, म्हणून काचेच्या आतलं आणि बाहेरचं वेगवेगळ्या फ्रेममधून आलं तर चटकन खटकतं. काडी कानामागे जाते तिथे केसांत मास्क संपवा. काचेवर फ्लॅशची चमक असली तरी ती तशीच राहू द्या, बाकी चष्मेवाल्यांच्या काचांवरही ती असणारच.

मृण्मयी_सांगली

तुम्ही सांगितलंत तसं इथवर झालं. भिंत काळी, माणसांच्या कडा उजळ, अगदी तसंच. आता चेहरा बसवताना कुठे बघून जुळवू? डोळे तर जुळणारच नाहीत, एकीकडे मिटलेत.

उजेडमापक

डोळ्यांकडे बघूच नका. मोड परत Normal करा, वरच्या लेयरची ओपॅसिटी ५० करा आणि तीन जागा धरा: नाकाचा वरचा दांडा, नाकपुड्यांच्या खालच्या कडा आणि दोन्ही कान. हाडाच्या आणि कूर्चेच्या या जागा डोळे मिटल्या-उघडल्याने हलत नाहीत. ओठ धरू नका, हसू कमी-जास्त झालेलं असतं.

Free Transform घेतल्यावर फिरवायचं केंद्र हनुवटीच्या खाली, मानेच्या खळग्यावर आणा. ते चिन्ह दिसत नसेल तर वरच्या पट्टीत त्याचा चौकोन आहे, त्यावर टिक करा. केंद्र चेहऱ्याच्या मधोमध ठेवून फिरवलं तर हनुवटी एका बाजूला आणि कपाळ दुसऱ्या बाजूला सरकतं. मान खरी कलते ती खालून, त्यामुळे केंद्रही खालीच हवं. ४.२ अंश उलट दिशेने फिरवा, पण पूर्ण सरळ करायच्या मागे लागू नका. ०४१४ मध्ये त्यांचं डोकं जेवढं कललेलं असेल तेवढंच ठेवा.

मग आकार. चार मीटरवर उभं माणूस आठ सेंटिमीटर पुढे झुकलं की चेहरा दोन टक्के मोठा येतो. दोन कानांमधलं अंतर दोन्हींत मापून टक्केवारी काढा. पाच टक्क्यांच्या वर जावं लागत असेल तर कुठेतरी मापायला चुकलंय.

शेवटी Warp वगैरेच्या नादी शक्यतो लागू नका. तिथे दोन पिक्सेलची ओढ म्हणजे चौदा पिक्सेलच्या बुबुळाची जागा बदलली, आणि नजर भलतीकडेच गेली.

मास्क: स्मार्ट ऑब्जेक्टला Alt दाबून मास्कच्या चिन्हावर क्लिक करा, म्हणजे काळा मास्क लागेल आणि वरची फ्रेम पूर्ण लपेल. पांढऱ्या ब्रशने फक्त हवं तेवढं उघडा. कड कुठून न्यायची यावरच पुढचं सगळं अवलंबून आहे. गालाच्या मध्यातून नेऊ नका, तिथे उजेड हळूहळू उतरतो आणि एवढासा फरकही पट्टा होऊन दिसतो. वरची कड केसांच्या आत, भांगाच्या दोन्ही बाजूंना. केसांच्या धाग्यांत जोड लपतो. बाजूची कड कानाच्या पुढच्या घडीतून. खालची कड जबड्याच्या सावलीतून. ब्रशची हार्डनेस शून्य, आकार केसांत १२ ते १५ पिक्सेल आणि कानापुढे २० पर्यंत. गजरा ०४१४ चाच राहू द्या, त्याला हात लावलात तर एकाचे दोन गजरे होतील.

नथ मात्र अख्खी नव्या चेहऱ्याची. ती हलते आणि फ्लॅशमुळे तिची सावली वरच्या ओठावर पडते. जुन्या चेहऱ्याची सावली आणि नव्या चेहऱ्याची नथ असं झालं की ओठावर मिशीसारखा काळा डाग राहतो. ओठांचा भाग पूर्ण उघडला की हा प्रश्न येत नाही.

भाच्याचा खांदा नेहमी खालच्या लेयरचा. तिथे ब्रशची हार्डनेस ६० ते ७० करा, कारण कापडाची कड खरोखरच स्पष्ट असते. दोन्हींत खांदा तिच्या जबड्याला वेगवेगळा झाकत असेल तर तेवढा जबडा ०४१४ चा ठेवा. जबडा डोळ्यांइतका बदलत नाही.

खडूफळा

चांगली माहिती मिळतेय. माझ्याकडे १९८८ चा लग्नातला ग्रुप आहे, छापील प्रिंट. त्यात वडिलांचे डोळे मिटलेत. स्कॅन केला आहे ६०० डीपीआयला. त्यांचेच डोळे दुसऱ्या एका फोटोतून, मुंजीच्या, काढून बसवता येतील का? फ्रेम एकच आहे हो.

पिंपळपान

येतील की. चेहरा तर तोच.

उजेडमापक

चेहरा तोच पण उजेड, कोन आणि वय वेगळं. मुंज मांडवात दुपारी, लग्नाचा ग्रुप रात्री फ्लॅशवर, तर नाकाची सावली एकात खाली आणि दुसऱ्यात मागे. मी तरी करणार नाही. पण प्रिंट एकच आहे म्हणून फ्रेम एकच होती असं धरू नका. फोटोग्राफर ग्रुपचे दोन-तीन तरी काढायचे आणि त्यातला एकच छापायचे. नेगेटिव्हच्या पट्ट्या अल्बमच्या मागच्या पाकिटात असतात, चार-चार किंवा सहा-सहाच्या. त्या फोटोची पट्टी शोधा आणि शेजारचे घर बघा. नेगेटिव्ह ३५ मिमीची असेल तर २४०० ते ३२०० डीपीआयला स्कॅन करा, दोन्ही घरं एकाच सेटिंगने.

तिसरी_घंटा

पण मूळ फोटोत हात घालावा का, हाही प्रश्न आहे. वडील तसेच होते त्या क्षणी. छापील जुना फोटो मी तरी तसाच ठेवीन.

वर्षा_ठाणे

क्षण कसला, एक पापणी लवली एवढंच. शेजारच्या फ्रेमचा चेहरा घेतला तर तोही त्याच मिनिटाचा आहे. मुंजीचा घेतला तर मात्र माझंही मत घंटासारखंच.

मृण्मयी_सांगली

चेहरा बसला! नथीची सावली नीट आली, खांदाही ठीक. पण एक खटकतंय. चेहरा मानेपेक्षा थोडा वेगळा वाटतो, किंचित पिवळट-हिरवट. व्हाइट बॅलन्स दोन्हींना सारखाच घातलाय, ५२०० आणि टिंट सारखा.

पिंपळपान

`Image > Adjustments > Match Color` करा, सोर्स म्हणून ०४१४ निवडा. एका क्लिकमध्ये.

उजेडमापक

Match Color दोन लेयरच्या सगळ्या पिक्सेलची सरासरी जुळवतं. एका बाजूला अख्खी फ्रेम, भिंत आणि १८ साड्या-सदरे, दुसऱ्या बाजूला एक चेहरा, असं दिलं तर चेहरा भिंतीच्या रंगाकडे ओढला जाईल. दोन्हीकडे फक्त कपाळाचं सिलेक्शन करून दिलं तर चालतं, पण मग आकडे बघून केलेलं बरं.

व्हाइट बॅलन्स सारखा असूनही फरक पडतो कारण फ्लॅशची ताकद प्रत्येक वेळी थोडी वरखाली होते, आणि मान कलल्यामुळे चेहऱ्याचं वरच्या आकाशाशी असलेलं तोंडही बदलतं. आयड्रॉपरचा नमुना 5 by 5 Average वर ठेवा. कपाळावर, जिथे फ्लॅशची चकाकी नाही अशा जागी, दोन्ही लेयरचे आरजीबी आकडे बघा. तसंच एका गालाचे.

मृण्मयी_सांगली

कपाळ: ०४१४ मध्ये १९६, १४८, १२२. नवीन चेहऱ्यावर १८८, १५०, १२०.
गाल: ०४१४ मध्ये १७८, १२९, १०५. नवीन १७१, १३१, १०३.

उजेडमापक

छान, दोन्ही जागी फरक एकाच दिशेने आहे. म्हणजे उजेडाची दिशा ठीक आहे, फक्त रंग सरकलाय. लाल सात-आठने कमी आणि हिरवा दोनने जास्त, तुमचा पिवळट-हिरवटपणा तोच. चेहऱ्याच्या लेयरवर Curves घ्या आणि दोन लेयरच्या मधल्या रेघेवर Alt धरून क्लिक करा, म्हणजे तो फक्त चेहऱ्यालाच लागेल. Red चॅनेलमध्ये १८८ वर बिंदू ठेवून त्याचं आउटपुट १९६ करा. Green मध्ये १५० चं १४८. Blue मध्ये १२० चं १२२, हवं तर. कपाळ आणि गाल एकमेकांच्या जवळ असल्याने एकाच बिंदूने दोन्ही बसतील.

कपाळावर फरक एका दिशेने आणि गालावर उलट आला असता तर कर्व्हने भागलं नसतं. तेव्हा फ्रेमच बदलावी लागली असती.

मग तपासणी. सगळ्यांत वर एक तात्पुरता Curves लेयर घ्या आणि त्यात रेघ तीन-चार वेळा वर-खाली नेऊन नागमोडी करा. फोटो भुताटकीसारखा दिसेल, पण मास्कची कड सापडायला याच्यासारखं काही नाही. चेहऱ्याभोवती तुटक गोल रेघ दिसली तर तिथे ब्रश मोठा करून मास्क पसरवा. बघून झालं की तो लेयर काढून टाका. एकदा फोटो आडवा उलटा करूनही बघा, डोळ्याला सवय झालेली असते ती मोडते.

बॅटरी_डाऊन

माझ्याकडे हगिनची कमांड चालली. पण चेहरा बाकीच्यांपेक्षा गुळगुळीत दिसतोय. मी तर काहीच ब्लर केलेलं नाही.

उजेडमापक

तुम्ही नाही, हिशेबाने केलाय. हगिनने एकदा फिरवलं, मग तुम्ही गिंपमध्ये परत फिरवलंत. दर वेळी शेजारच्या पिक्सेलची सरासरी घेतली जाते आणि कॅमेऱ्याचा बारीक दाणा आधी पुसला जातो. १०० टक्क्यांवर शेजाऱ्याच्या गालाशी ताडून बघा. दाणा कमी वाटला तर चेहऱ्यावर अगदी थोडा नॉइज घाला, रंगीत नको, एकरंगी. फोटोशॉपमध्ये `Filter > Noise > Add Noise`, Gaussian, Monochromatic, १ ते १.५ टक्के पुरतो. चेहऱ्याच्या कडा खरोखरच मऊ असतील, म्हणजे ती फ्रेमच हललेली असेल, तर नॉइज घालून काही होणार नाही.

आणि फाइल व्हॉट्सअॅपवरून साधा फोटो म्हणून आली असेल तर ती आधीच लहान होऊन, दाबून आलेली असते. ८ × ८ पिक्सेलचे ठोकळे चेहऱ्यावर दिसतात. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा.

वर्षा_ठाणे

एक विचारायचं राहिलं. आमच्या सेक्रेटरींचे डोळे पाचही फ्रेममध्ये मिटलेले! दर वेळी फ्लॅशच्या वेळीच. योगायोग वाटत नाही.

उजेडमापक

नाहीच. टीटीएल फ्लॅश मुख्य झोताच्या आधी उजेड मोजायला एक छोटा झोत टाकतो. ज्यांची पापणी चपळ असते ते त्या पहिल्या झोताला लवतात आणि मुख्य झोत येईपर्यंत डोळे मिटलेले असतात. फ्लॅश रिअर कर्टनवर, म्हणजे शटर बंद होता होता पडणारा असेल आणि शटर मंद असेल तर मधला वेळ आणखी वाढतो. पुढच्या वेळी फ्लॅश मॅन्युअलवर ठेवा, छोटा झोत पडणारच नाही. नाहीतर फ्लॅशचं एक्स्पोजर आधी लॉक करा, सगळ्यांना डोळे मिचकावून घेऊ द्या आणि मग बटण दाबा.

तिसरी_घंटा

म्हणजे इग नोबेलवाल्यांच्या हिशेबात सेक्रेटरी बसत नाहीत. :)

मृण्मयी_सांगली

रंग जुळला. नागमोडी कर्व्हमध्ये उजव्या कानापाशी एक पट्टा दिसला, तिथे ब्रश २० चा ३५ केला तेव्हा गेला. १२ × १८ ला पाठवायच्या आधी शार्पनिंग करू का? प्रिंटवाले स्वतः करतात असं ऐकलंय.

पिंपळपान

करा, थोडं. प्रिंट नेहमी मऊच येते.

उजेडमापक

लॅबला विचारल्याशिवाय नको. दोघांनीही केलं तर नव्या चेहऱ्याच्या मास्कची कड परत वर येते. ६००० पिक्सेल १८ इंचांवर म्हणजे इंचाला ३३३, शार्पनिंग न करताही स्वच्छ येईल. चेहरा प्रिंटवर दीड सेंटिमीटरचाच आहे.

पिंपळपान

आमच्या इथली लॅब काहीच करत नाही, म्हणून म्हटलं.

खडूफळा

पट्टी सापडली! सहा घरांची, ग्रुपची तीन घरं आहेत आणि शेवटच्यात वडील समोर बघतायत. स्कॅनरवर नेगेटिव्हची कुठली बाजू खाली ठेवायची? दोन्ही बाजूंनी चित्र सारखंच दिसतं.

उजेडमापक

पट्टीच्या कडेला छापलेले घरांचे आकडे आणि फिल्मचं नाव सरळ वाचता आलं पाहिजे, आरशातल्यासारखं उलटं नाही. मंद दिसणारी बाजू ही इमल्शनची, चकचकीत बाजू पाठीची. खाली कुठली ठेवायची ते स्कॅनरप्रमाणे बदलतं, म्हणून एक घर स्कॅन करून बघा. ग्रुपमध्ये नेहमीच्या पद्धतीने पाचवारी नेसलेल्या बायकांचा पदर डाव्या खांद्यावर दिसला तर बरोबर. सगळ्यांचाच उजव्या खांद्यावर गेला असेल तर पट्टी उलटी ठेवलीत.